उचलायचं आणि तपासायचं

रविवार, जूनचा शेवटचा. सकाळी साडेदहा. स्थळ: आमची जेवणाची खोली.

हजर: मी. धाकटे दीर, ज्यांच्यासाठी ही बैठक होती. जाऊबाई. सासरे, म्हणजे बाबा, ज्यांना बोलावलं नव्हतं, पण त्यांची आरामखुर्ची त्याच खोलीत असते. गैरहजर: माझे यजमान. "तुम्ही ठरवा, मला सांगा," असं म्हणून ते भाजी आणायला गेले आणि बैठक संपल्यावरच परतले.

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. चाकणच्या एका कारखान्यात प्लॅनिंग विभागात मी बावीस वर्षं काम करते आहे. कोण हजर होतं हे आधी लिहून ठेवलं नाही, तर पुढे प्रत्येक जण म्हणतो की मी तेव्हा तिथे नव्हतो. घरातही तसंच होतं, किंबहुना जास्त.

दीर नऊ वर्षं जपानमध्ये मोटारींच्या कारखान्यात होते. फेब्रुवारीत रजा घेऊन आले ते राहायचं ठरवूनच. बाबांची नजर अधू होत चालली होती, गुडघे आधीच गेले होते. जूनमध्ये पुतणीचं नाव इथल्या शाळेत घातलं. तिकडच्या साहेबांनी त्यांची जागा ऑक्टोबर अखेरपर्यंत रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. तोवर इथे स्वतःचं काही उभं राहिलं तर ठीक, नाहीतर त्यांनी एकट्याने परत जायचं, असं दीर आणि जाऊबाईचं आपसांत ठरलं होतं. बाबांनी या विषयावर एक शब्दही काढला नव्हता. बाबा ज्या विषयावर बोलत नाहीत, तो त्यांच्या मनात सगळ्यात वर असतो.

दिरांनी लॅपटॉप उघडून फोटो दाखवले. जपानमध्ये गल्लोगल्ली दुकानं असतात, ज्यांत माणूस नसतो. काचेचं दार, आत धुलाईच्या मोठ्या मशीनची रांग, वर वाळवणीची मशीन. लोक येतात, पैसे टाकतात, कपडे धुऊन वाळवून घेऊन जातात. रात्रंदिवस चालू. बसायला खुर्च्या, कॉफीचं यंत्र, कोपऱ्यात मासिकं. सहा मशीनचा एक संच बाहेरून मागवायचा, विक्रेत्याला ऑक्टोबर अखेर कळवायचं. आगाऊ दिलेली रक्कम परत मिळणार नव्हती.

"वहिनी, तिकडे प्रत्येकाच्या घरी वॉशिंग मशीन आहे, तरी ही दुकानं भरलेली असतात," ते म्हणाले. "इकडे तर कात्रजपासून स्वारगेटपर्यंत होस्टेलंच होस्टेलं आहेत."

"का भरलेली असतात?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"घरी मशीन आहे, मग लोक बाहेर का जातात?"

ते थांबले. सोयीचं असतं, म्हणाले. स्वच्छ असतं. मी वहीत लिहिलं: कारण माहीत नाही. त्यांना ते आवडलं नाही, पण नजर वहीवरच राहिली.

कारखान्यात आमच्याकडे बाहेरच्या पद्धती नेहमी येत. कधी जपानच्या, कधी जर्मनीच्या. दर वेळी तक्ते लागायचे, जमिनीवर पिवळे पट्टे आखले जायचे आणि वर्षभरात त्यांवर धूळ बसायची. काही पद्धती मात्र टिकल्या. त्या का टिकल्या याचा मी बराच विचार केला होता. तिकडे एखादी गोष्ट ज्या कारणामुळे चालते ते कारण इकडेही असेल, तर ती टिकते. कारण इकडे नसेल, तर नुसता पिवळा पट्टा उरतो.

म्हणून मी पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं "उचलायचं", उजवीकडे "तपासायचं". डावीकडे ते जायचं, जे जपानमध्ये काय आणि पुण्यात काय सारखंच वागतं: मशीनची बांधणी, दाराचं कुलूप, ड्रमच्या आकाराप्रमाणे दर, साबण मशीनने आपोआप घेणं. उजवीकडे ते, जे माणसांवर, पाण्यावर आणि हवेवर अवलंबून आहे. लोक स्वतः येऊन कपडे टाकतील का? परक्याचे कपडे फिरले त्या ड्रममध्ये आपले टाकतील का? रात्री येतील का? थांबून राहतील का? बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात तोच साबण, तेवढाच, चालेल का?

उजवी बाजू लांबत गेली. दिरांचा चेहराही. साबण आपोआप घेण्याची गोष्ट पाण्यामुळे डावीकडून उजवीकडे न्यावी लागली, तेव्हा ते म्हणाले, "मग डावीकडे राहिलं काय?"

"मशीन," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आणि वीज गेली की तेही नाही."

पहिली तपासणी मी केली आणि तीच चुकली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक दिरांची नव्हती.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. एका पानाची प्रश्नावली केली, छापली आणि दोन संध्याकाळी घरोघर फिरले. असं दुकान जवळ निघालं तर तुम्ही वापराल का? महिन्यातून किती वेळा? सगळ्यांनी चहा विचारला, सगळ्यांनी नीट भरून दिली. जवळजवळ प्रत्येक पानावर "हो" होतं. काहींनी तर "फार गरज होती" असंही लिहिलं. मी कागद लावून, टाचणी मारून दिरांपुढे ठेवले. ते इतके खूश झाले की त्याच दिवशी विक्रेत्याला मेल करायला निघाले.

बाबांनी जाऊबाईकडून दोन-चार पानं वाचून घेतली. मग मला विचारलं, "टँकर कोण मागवतं गं सोसायटीत?"

"मीच."

"पार्किंगच्या जागा कोण ठरवतं?"

"बाबा, काय ते सरळ सांगा."

"काही नाही. तुला तोंडावर नाही म्हणणारा माणूस या सोसायटीत असेल तर त्याला भेटायला आवडेल मला."

मी ती पानं फाडली नाहीत. फायलीत ठेवली आणि वर लिहिलं: ग्राह्य नाही. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की आकडे कोणी गोळा केले ते आधी बघा. स्वतःची वेळ आली तेव्हा चहा पीत बसले. मेल मात्र दिरांनी पाठवली नाही. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले की मग विचारायचं नाही, करूनच बघायचं.

आमच्यापासून सात मिनिटांवर, मुलांच्या एका होस्टेलच्या खाली एक गाळा रिकामा होता. तो तीन महिन्यांसाठी घेतला. बंद पडलेल्या एका हॉटेलच्या लाँड्रीतून धुलाईची दोन आणि वाळवणीचं एक मशीन भाड्याने मिळालं. नवीन काहीच विकत घ्यायचं नाही, पण पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाकडून पूर्ण दर घ्यायचा, अशी माझी अट होती. फुकट दिलं तर पुन्हा प्रश्नावलीच झाली असती. दिरांनी अट मानली, पण खुर्च्या आणि कॉफीचं यंत्र त्यांनी आणलंच.

जुलैत दुकान सुरू झालं. पहिला आठवडा लोक काचेतून बघून गेले. होस्टेलची मुलं आत यायची, पिशवी टेबलावर ठेवायची आणि विचारायची, "कधी मिळतील?" दीर त्यांना समजावून सांगायचे की स्वतः टाकायचे, हे बटण, हा कोड स्कॅन करायचा. मुलं ऐकून घ्यायची आणि पुन्हा विचारायची, "हो काका, पण कधी मिळतील?" एक बाई आल्या, त्यांनी पर्समधून फडकं काढून आधी सगळा ड्रम आतून पुसला, मग एक चादर टाकली आणि मशीनसमोर पूर्ण वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या एकींनी मशीन एकदा रिकामंच चालवायला सांगितलं.

त्या दिवशी दीर घरी आले ते सरळ जेवायलाच बसले. जेवताना म्हणाले की तिकडच्या मशीनवर एक वेगळं बटण असतं. आपले कपडे टाकायच्या आधी नुसत्या पाण्याने ड्रम धुऊन घेण्याचं. इथे मागवायच्या संचाची यादी करताना पाणी वाचावं म्हणून त्यांनीच ते खोडलं होतं.

"म्हणजे तिकडच्या लोकांनाही किळस वाटते," जाऊबाई म्हणाली.

मी जेवण झाल्यावर वही काढली आणि ते बटण डावीकडे लिहिलं. जपानी माणूस आणि पुण्याचा माणूस एका बाबतीत तरी सारखा निघाला होता. आम्ही मात्र फरकच शोधत बसलो होतो.

गाळ्यासमोर एका इस्त्रीवाल्या काकांची टपरी आहे. दुकान निघालं तेव्हा ते आमच्याकडे बघायचेही नाहीत. साहजिक होतं. जाऊबाई रोज जाऊन त्यांच्याशी बोलायची. तिनेच पहिल्यांदा ठरवलं की इस्त्री आपण करायची नाही, ज्याला हवी त्याला समोर पाठवायचं. मग काका बोलायला लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला ते स्वतःहून आत आले, खुर्चीवर बसले, कॉफी नको म्हणाले आणि दिरांना म्हणाले, "साहेब, मशीन तर सगळ्यांच्या घरात हाय. घरात काय धुतलं जात न्हाई, ते इचारा की लोकांना."

हा तोच प्रश्न होता, जो मी जूनमध्ये विचारला होता. फरक एवढाच की मी तो कागदावर ठेवला होता आणि काकांकडे त्याचं उत्तर होतं. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: गोधड्या, रजया, पडदे, गादीची कव्हरं. इस्त्रीच्या कपड्यांबरोबर बायका विचारतात, म्हणाले, कुठे धुऊन मिळेल का म्हणून.

जाऊबाईने आणखी एक गोष्ट पाहिली होती. वाळवणीचं मशीन भरलेलं असायचं. लोक घरी धुतलेले ओले कपडे बादलीत घालून आणायचे, फक्त वाळवायला. फ्लॅटच्या गॅलरीत चार दिवस कपडे वाळत नाहीत, वास मारतात. धुलाईची दोन्ही मशीन मात्र बहुतेक वेळ उभीच. तिने हे महिनाभर रोज लिहून ठेवलं होतं, माझ्या नकळत, पुतणीच्या जुन्या वहीत. माझ्याहून नीट.

दिरांनी ती वही उलटसुलट चाळली. "तिकडेही पावसाळ्यात वाळवणीलाच रांग असते," ते सावकाश म्हणाले. "आणि गाद्या. लोक त्यांच्या त्या घडीच्या गाद्या घेऊन यायचे. घरच्या मशीनमध्ये मावत नाहीत म्हणून."

जूनच्या पानावर "कारण माहीत नाही" लिहिलेलं होतं. तिथे मी तारीख घालून लिहिलं: घरात न मावणारं आणि घरात न वाळणारं. मशीनची रांग, काचेचं दार, कॉफी, माणूस नसणं हे सगळं त्या कारणाभोवतीचं होतं. दिरांनी नऊ वर्षं ते कारण पाहिलं होतं आणि फोटो मात्र दाराचे काढले होते. मी हे बोलून दाखवलं नाही. माझी प्रश्नावली अजून फायलीत होती.

घटस्थापनेआधी घरोघर धुणं निघतं. वर्षभराची अंथरुणं-पांघरुणं बाहेर येतात. दिरांना पितृपंधरवड्याची भीती वाटत होती, त्या दिवसांत कोण येणार म्हणून. बाबा म्हणाले, त्या दिवसांत लोक नवीन काही करत नाहीत, पण जुनं धुतात नक्की. दारावर पाटी लागली: गोधडी, रजई, पडदे. आणून द्या, वाळवून घेऊन जा. "आणून द्या" हे शब्द लिहायला दिरांना दोन दिवस लागले. मग त्यांनी कॉफीचं यंत्र काढून त्या जागी टेबल ठेवलं.

पहिल्याच दिवशी जवळच राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांच्या आईने हाताने शिवलेली गोधडी होती. आत जुन्या नऊवारी लुगड्यांचे थर, वर बारीक धावदोरा. दिरांनी ती मोठ्या मशीनमध्ये टाकली, रजईच्या बटणावर.

बाहेर आली तेव्हा चारी बाजूंचे टाके उसवले होते. आतलं लुगडं गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलं होतं आणि वरचं कापड दोन ठिकाणी विरून फाटलं होतं. बाई संध्याकाळी घ्यायला आल्या. मी तिथे होते. त्यांनी गोधडी टेबलावर पसरली, चारी कडांवरून हात फिरवला. आवाज चढवला नाही.

"मी धुवायला दिली होती," त्या म्हणाल्या. "उसवायला नाही."

दीर काहीतरी बोलू लागले, भरपाई वगैरे. बाईंनी हात वर केला. "कशाची भरपाई देणार आहात आपण?"

जाऊबाई पुढे झाली. म्हणाली, मी शिवून देते, तुम्ही समोर बसून सांगा कशी. बाईंनी गोधडीची घडी घालून तिच्या हातात दिली. मग म्हणाल्या की मंगळवारी चार वाजता येईन, आणि दोरा सुती आणा.

त्या दिवशी घरी आल्यावर दिरांनी तिकडच्या साहेबांना लिहायचं ठरवलं, येतो म्हणून. मला सांगितलं नाही, जाऊबाईने सांगितलं. गाळ्याची मुदत महिन्यात संपत होती आणि जे एकच काम लोकांना आमच्याकडून हवं होतं, ते आम्हाला येत नव्हतं. मी वही उघडली नाही. लिहायला काही नव्हतं.

मंगळवारी मी सुट्टी घेतली. चार वाजता बाई आल्या, खुर्चीवर बसल्या. जाऊबाईने खाली सतरंजीवर गोधडी पसरली. बाई टाका कुठे घ्यायचा ते सांगत होत्या. मध्येच, लांब टाके ही सवय आहे की घाई, असंही विचारत होत्या. साडेपाचला एक बाजू झाली. उरलेली घरी नेऊन शिवावी म्हणून जाऊबाईने गोधडीची लांब वळकटी केली आणि काकांकडून सुतळी आणून ती तीन ठिकाणी बांधली.

दीर दाराशी उभे होते. ते आत आले आणि वळकटीसमोर खाली बसले.

"अशीच बांधायच्या," ते म्हणाले.

कोण, म्हणून जाऊबाईने विचारलं.

त्यांच्या तिकडच्या घराजवळच्या दुकानात दर शनिवारी एक आजी यायच्या. कापसाची गादी आणायच्या. लाटून वळकटी करायच्या, दोरीने तीन-चार ठिकाणी घट्ट बांधायच्या आणि तशीच, बांधलेलीच, मशीनमध्ये ड्रमच्या कडेने गोल बसवायच्या. धुऊन झाली की दोऱ्या सोडून वाळवणीला टाकायच्या. "मी शेजारीच बसलेला असायचो," दीर म्हणाले. "मला वाटायचं, उचलून आणायला सोपं पडतं म्हणून बांधलीय. आणि सोडायचा कंटाळा."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं शेजारी बसलात," त्या म्हणाल्या, "आणि विचारलं नाहीत?"

"नाही."

"आमच्या वर्गातही असायचे असे."

दीर हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

तरी मी घाई करू दिली नाही. दोरी जपानहून आली आहे, एवढ्यावरून ती डावीकडे जात नव्हती. तिकडे गादीत कापूस असतो, आपल्याकडे लुगड्यांचे थर. काकांच्या टपरीत इस्त्रीखाली घालायची एक जळकी, डागाळलेली गोधडी होती, ती मागून घेतली. एकदा दोरी न बांधता, एकदा बांधून धुतली. मोकळी टाकली तेव्हा गोळा झाली. बांधलेली सपाट निघाली, पण दोरीखालची जागा मळकी राहिली. मग सुतळीऐवजी रुंद नाडी वापरली, मशीन कमी वेगावर ठेवलं, पिळणं अर्धं केलं, वाळवणी मंद आचेवर, साबण बोअरच्या पाण्याप्रमाणे वेगळा. पाचव्या वेळेला ती काकांनाही ओळखू आली नाही. त्यांनी ती पुन्हा इस्त्रीखाली घातली नाही, घरी नेली.

घरी जेवताना दिरांनी हे सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. मग उठले, भिंतीला धरत आपल्या खोलीत गेले आणि पलंगावरची गोधडी ओढत घेऊन आले. सासूबाईंनी शिवलेली. त्या गेल्यापासून बाबांनी कोणालाही ती धुवू दिली नव्हती, मलाही नाही. गच्चीत उन्हात घालायची, तेवढंच.

"ही टाक," ते दिरांना म्हणाले.

मी म्हणाले, बाबा, अजून दोन-तीन जुन्यांवर बघू द्या.

"तुझी वही राहू दे जरा," बाबा म्हणाले. मग दिरांकडे न बघता, "वास यायला लागलाय तिला. आणि तू गेल्यावर कोण धुणार?"

त्या विषयावरचं त्यांचं हे एकच वाक्य.

दुसऱ्या दिवशी गोधडी धुतली. दिरांनी बांधताना जाऊबाईला हात लावू दिला नाही. मशीन चालू असेपर्यंत काचेसमोर उभे राहिले, ड्रम पुसणाऱ्या त्या बाईंसारखे. नाड्या सोडल्या, पसरली, चारी कडा तपासल्या. एका कोपऱ्यात दोन टाके सुटले होते. ते आधीच सुटलेले होते की नाही, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. मी नोंद तशीच केली: दोन टाके, कारण अनिश्चित. बाबांनी ती नाकाशी धरली आणि पांघरून झोपले.

त्या पंधरवड्यात टेबलाजवळ जागा उरली नाही. बांधलेल्या वळकट्यांची रास लागली, प्रत्येकीला चिठ्ठी. सांगितलेल्या वेळेला लोक यायचे, तक्रार करायला वाव शोधायचे, नाही सापडला तर तेही बोलून दाखवायचे. एक गृहस्थ म्हणाले, "बरी धुतलीय." काका म्हणाले, पुण्यात याला लई मान समजा.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा बैठक झाली. हजर तेच, शिवाय माझे यजमान, कारण भाजी आदल्या दिवशी आणली होती. सहा मशीनचा संच घ्यायचा नाही, हे ठरायला वेळ लागला नाही. धुलाईचं एकच, पण मोठं, ड्रम धुण्याच्या बटणासकट. वाळवणीची दोन, गॅसवर चालणारी. पाण्यासाठी क्षार काढायचं यंत्र. रात्री दहाला कुलूप. माणसाशिवाय चालणारं दुकान हे मूळ स्वप्न होतं, त्यात आता दोन माणसं आणि समोरचे काका होते. दिरांनी ते स्वतःच खोडलं. मी पाहिलं की पेन जरा जोरात फिरलं.

मग मी उजव्या बाजूची शेवटची ओळ वाचली. ती जूनपासून तशीच होती: उन्हाळा.

आमच्या तीन महिन्यांत पाऊस होता आणि नवरात्र होतं. दिवाळीचं धुणंही येईल. पण मार्च ते मे पुण्यात गच्चीवर गोधडी दोन तासांत कडक वाळते. तेव्हा कोण येईल? दिरांनी सांगितलं की तिकडे वसंतात हवेत फुलांचे पराग फार असतात, लोकांना शिंका येतात, म्हणून ते कपडे बाहेर वाळत घालत नाहीत आणि दुकानं तेव्हाही चालतात. ते कारण इकडे नाही. येरवड्याकडे, कोंढव्याकडे सगळीकडे बांधकामाची धूळ आहे, त्यामुळे कदाचित लोक येतील, असं जाऊबाईचं मत. कदाचित, असं मी लिहिलं. ऑक्टोबरात उन्हाळा तपासता येत नाही. आणि साहेब मेपर्यंत थांबणार नव्हते.

म्हणजे हे न तपासताच ठरवायचं होतं. कारखान्यात मी अशी योजना सही न करता परत पाठवली असती. मी सगळ्यांना ते स्पष्ट सांगितलं. बाबा खुर्चीत डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते.

दिरांनी माझ्या हातातून वही घेतली. बैठकीच्या नोंदीखाली तीन रकाने असतात: काम, कोणी, कधीपर्यंत. माझ्या वहीत दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला चालत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी उभ्यानेच लिहिलं आणि वही माझ्यापुढे ठेवली. साहेबांना त्यांनी त्याच संध्याकाळी कळवलं, येत नाही म्हणून.

ते पान अजून उघडंच आहे. त्याच्या आधीच्या सगळ्या ओळींवर मी खुणा केल्या आहेत. शिक्षिकाबाईंच्या गोधडीची चौथी बाजूसुद्धा झाली, फक्त टाके त्यांना अजून लांब वाटतात. खूण नसलेली एकच ओळ उरली आहे, दिरांच्या अक्षरातली:

उन्हाळ्यात लोक का येतील ते शोधणे. कोणी: मी. कधीपर्यंत: मे अखेर.